रक्त न येणाऱ्या हिरड्या

हिरड्या तपासताना दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट टोकाची सळई वापरतात. तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती २०-२५ ग्रॅमच्या हलक्या दाबाने सरकवायची, किती आत जाते ते वाचायचं, आणि बाहेर काढल्यावर अर्धा मिनिट थांबून रक्त येतं का ते पाहायचं. प्रत्येक दाताभोवती अशा सहा जागा. निरोगी हिरडीत सळई एक ते तीन मिलिमीटर जाते आणि रक्त येत नाही. चार-पाच मिलिमीटर गेली की हिरडी दातापासून सुटायला लागलेली असते. सहा-सातच्या पुढे गेली तर दाताला धरून ठेवणारं हाड बरंच झिजलेलं असतं. खोली पाहून आजवर किती नुकसान झालं ते कळतं आणि रक्त पाहून आजार आत्ता पेटलेला आहे का ते कळतं. या दोन्हींवर आमचा बहुतेक निर्णय उभा असतो. धूम्रपान करणाऱ्या माणसात यातली दुसरी खूण फसवते.

वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या अशा अनेकांची हकिकत एकत्र करून एक रुग्ण समोर आणतो. वय ४६, विशीपासून सिगारेट, आता दिवसाला बारा ते चौदा. तक्रार एवढीच की खालच्या उजव्या दाढेपाशी अन्न अडकतं आणि ती दाढ चावताना थोडी हलते. समोरच्या वरच्या दोन दातांमध्ये पूर्वी नव्हती ती फट पडली आहे. मी हिरड्यांबद्दल विचारायच्या आधीच गृहस्थ सांगतात, "डॉक्टर, हिरड्यांचं काही नाही हं. बायकोच्या हिरड्यांतून ब्रश केला की रक्त येतं, माझ्या कधी थेंबभर आलं नाही." ते खरंच सांगत असतात. हिरड्या पाहिल्या तर फिकट, घट्ट, कडा जाडसर. सुजलेल्या, लालभडक अशा कुठेच नाहीत. प्रोब मात्र त्या दाढेपाशी सात मिलिमीटर आत जातो, वरच्या पुढच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूला सहा. एवढे खोल कप्पे असताना जिथे जिथे सळई टेकवली त्यातल्या जेमतेम सहाव्या-सातव्या भागात रक्त दिसतं. एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाभोवतीचं अर्ध्याहून जास्त हाड गेलेलं असतं. वाळवी लागलेल्या चौकटीचा रंग वरून शाबूत असावा, तसं हे तोंड असतं.

टाळूकडची बाजू आणि पुढचे दात जास्त बिघडलेले असणं हे धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडात वारंवार दिसतं. आणि वय पाहता हाड जितकं झिजायला हवं त्याहून बरंच जास्त झिजलेलं असतं. म्हणून २०१८ मध्ये जगभरातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांनी आजाराची जी नवी वर्गवारी ठरवली, तिच्यात आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना सिगारेटींचा आकडा थेट धरला आहे. दिवसाला दहापेक्षा कमी ओढणारा मधल्या श्रेणीत जातो, दहा किंवा जास्त ओढणारा सर्वात वेगवान श्रेणीत. आपले गृहस्थ दुसऱ्या गटात.

रक्त का येत नाही, याचं जुनं आणि सर्वांना पाठ असलेलं उत्तर म्हणजे निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. ते अर्धंच बरोबर आहे. प्रत्यक्ष झुरका मारताना हिरडीतला रक्तप्रवाह मोजला तर तो काही जणांत उलट थोडा वाढलेलाही आढळला आहे, कारण त्या क्षणी रक्तदाब वाढतो. खरा बदल मिनिटांत होत नाही, वर्षांत होतो. दातांवर जंतूंचा पांढरट थर साचला की निरोगी माणसाची हिरडी त्याला प्रतिकार करते. तिथल्या केशवाहिन्या फुगतात, नव्या फुटतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि त्यातून पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर धावतात. ही सगळी धावपळ म्हणजेच सूज. कप्प्याच्या आतलं अस्तर अशा वेळी पातळ आणि जखमी झालेलं असतं, म्हणून ब्रश लागला की रक्त. सतत धूर पोचणाऱ्या हिरडीत ही धावपळच मंदावते. फुगलेल्या वाहिन्या कमी असतात, पेशींना बाहेर पडायला लागणाऱ्या खुणा रक्तात आणि ऊतकात बदललेल्या असतात, हिरडी तंतुमय आणि जाड होते. जंतू तेवढेच असतात, प्रतिकाराचा गाजावाजा तेवढा नसतो.

गाजावाजा नसला तरी नुकसान थांबत नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना नीट मारू शकत नाहीत, पण त्यांच्यातून सुटणारे, ऊतक विरघळवणारे पाचक रस आजूबाजूचे तंतू आणि हाड खातच राहतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे हिरडीपर्यंत पोचणारा प्राणवायू कमी होतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या कप्प्यात प्राणवायूचं प्रमाण मोजून पाहिलं तेव्हा ते कमी निघालं. आणि हाड झिजवणारे जंतू नेमके प्राणवायूशिवाय वाढणारे असतात. जखम भरून काढणाऱ्या, कोलॅजनचे तंतू विणणाऱ्या पेशींनाही निकोटिनचा त्रास होतो. त्या दाताच्या मुळाला नीट चिकटत नाहीत, तंतू कमी बनवतात.

अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत अजून उपयोगी आहे. तिथे धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हिरड्यांचा गंभीर आजार असण्याची शक्यता कधीच न ओढलेल्यांच्या सुमारे चौपट निघाली. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. दिवसाला नऊपर्यंतच ओढणाऱ्यांतही ती पावणेतीन पटीच्या वर होती. "मी काय, चार-पाचच ओढतो" म्हणणाऱ्याला या आकड्याने धीर येऊ नये. विडीबद्दलही हेच. पान बारीक आणि तंबाखू थोडी म्हणून ती सौम्य असते असा समज आहे. प्रत्यक्षात विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात, आणि निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड कमी जात नाहीत.

आता जो भाग सर्वात कमी लोकांना ठाऊक आहे तो. सिगारेट सोडली की हिरड्यांतून रक्त यायला लागतं. लंडनमधल्या संशोधकांनी २००३ साली सिगारेट सोडणाऱ्या काही जणांच्या हिरड्या आधी आणि चार ते सहा आठवड्यांनी तपासल्या. आधी सळई लावलेल्या १६ टक्के जागी रक्त येत होतं, नंतर ३२ टक्के. म्हणजे दुप्पट, आणि दरम्यान त्यांचे दात आधीपेक्षा स्वच्छ असूनही. हिरडीतला रक्तप्रवाह तर सोडल्यानंतर पहिल्या आठवड्यातच वाढायला लागतो. दबलेला प्रतिकार जागा झाला, इतकाच त्याचा अर्थ. पण घरी आरशासमोर उभ्या माणसाला तो अर्थ कोण सांगणार? वीस वर्षं रक्त नाही, सोडल्यावर महिन्याभरात थुंकीत लाली. "सोडल्यापासूनच त्रास सुरू झाला" असं म्हणून परत पेटवणारे मी पाहिले आहेत, आणि परत सुरू केल्यावर रक्त खरंच थांबतं, त्यामुळे त्यांची खात्रीच पटते. म्हणून सोडायचं ठरवलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट आधी सांगायला हवी. त्या दिवसांत ब्रश थांबवायचा नाही, दातांमधली फट साफ करणारा छोटा ब्रश वापरायचा आणि दातांची खोल सफाई करून घ्यायची. आजार असेल तर मुळावरचं किटण निघाल्यावर ते रक्त काही आठवड्यांत ओसरतं. तसं ओसरलं नाही तर पुन्हा दाखवायचं.

आपल्याकडे मिश्रीचं वळण याच्याशी जोडलेलं आहे. भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांवर घासली की ठणका आणि रक्त थांबतं, असं महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पिढ्यान्पिढ्या सांगतात. मिश्रीचं विज्ञान सिगारेटपेक्षा वेगळं आहे, तिथे हिरडी घासलेल्या जागी थेट खाली सरकते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. पण "रक्त थांबलं म्हणजे आजार गेला" हा गैरसमज दोन्हीकडे एकच.

गृहस्थांची खोल सफाई केली. भूल देऊन, मुळापर्यंत, दोन-तीन बैठकांत. दहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. जिथे पाच होते तिथे चार झाले, सहाचे बरेचसे पाच-सहावरच राहिले. सिगारेट न ओढणाऱ्यात याच उपचाराने जास्त फरक पडतो. ही तक्रार उपचारांची नाही. आतून भरून यायला जे लागतं तेच अपुरं पडतं. सात मिलिमीटरवाली दाढ मात्र वाचवण्यापलीकडे गेली होती. ती काढायचं ठरलं.

दात काढल्यावर हाडात जो खड्डा राहतो तो रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गुठळी होते. तिला फालतू समजून थुंकून टाकायची लोकांना घाई असते. खरं तर पुढचं सगळं बरं होणं तिच्यावर अवलंबून असतं. गुठळीखालचं उघडं हाड झाकलेलं राहतं, आणि तिच्या जाळ्यातून नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात. साधारण आठवड्याभरात गुठळीच्या जागी मऊ, लालसर नवं मांस येतं. दोन-तीन आठवड्यांत तळाशी कच्चं हाड बनू लागतं. वरची हिरडी मिटायला तीन ते पाच आठवडे लागतात आणि हाडाने खड्डा भरायला काही महिने.

ही गुठळी तयारच झाली नाही किंवा लवकर विरघळली की ड्राय सॉकेट होतं, म्हणजे कोरडा पडलेला खड्डा. डॅनिश संशोधक बिर्न यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की यात मुख्यतः गुठळीतलं जाळं वेळेआधी विरघळवणारी रासायनिक क्रिया असते. तोंडाने हवा ओढल्यामुळे गुठळी निखळते, हे लोकांना सांगितलं जाणारं कारणही खोटं नाही, पण तेवढ्यावर थांबलं की फसगत होते. मग कोणी खड्ड्यावर कापसाचा बोळा धरून ओढतो, कोणी नाकाने ओढतो आणि वाचलो समजतो. धूम्रपान करणाऱ्याच्या खड्ड्यात मुळात रक्तच नीट भरत नाही, हे बऱ्याच वेळा खुर्चीतच दिसतं. दात निघाला तरी खड्डा भरायला वेळ लागतो, हाड पांढरट दिसत राहतं. त्यात धूर आणि उष्णता थेट जखमेवर, आणि रक्तातून निकोटिन सगळीकडे. बोळा यातलं एकच अडवतो.

किती फरक पडतो? साधा दात काढल्यावर ड्राय सॉकेट शंभरात एक ते पाच जणांना होतं, खालची अडकलेली अक्कलदाढ कापून काढली तर त्याहून बरंच जास्त. १९७९ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात खालच्या अक्कलदाढा काढलेल्यांपैकी न ओढणाऱ्यांत प्रमाण २.६ टक्के होतं, दिवसाला अर्धं पाकीट ओढणाऱ्यांत १२ टक्के, एक पाकीट ओढणाऱ्यांत २० च्या वर. शस्त्रक्रियेच्याच दिवशी ओढणाऱ्यांत ४० टक्के. अलीकडे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडेही साधारण तिप्पट धोका दाखवतात. शेवटचे ४० टक्के वाचले की काय ते कळतं. भूल उतरली, दडपण गेलं, दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या की पहिली तलफ तिथेच येते.

आपल्या गृहस्थांना सांगितलं होतं की गॉझ पाऊण तास घट्ट चावून धरा, चोवीस तास थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडात हळू फिरवून सोडून द्या. सिगारेट किमान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर नाही. पहिल्या रात्री थोडं दुखलं, दुसऱ्या दिवशी कमी झालं. संध्याकाळी त्यांनी दोन ओढल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे ठणका सुरू झाला, दाढेपासून कानापर्यंत. तोंडाला घाण वास. नेहमीची वेदनाशामक गोळी दोन तास पुरेना. आरशात पाहिलं तर खड्डा रिकामा, तळाशी करडं हाड.

ड्राय सॉकेट ओळखायची खूण हीच की वेदनेचा क्रम उलटा असतो. साधारणपणे दुखणं पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि मग उतरतं. इथे दोन ते चार दिवसांनी ते चढतं. सूज फारशी नसते, पू नसतो, तापही बहुधा नसतो. गाल सुजत असेल, ताप येत असेल, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होत असेल तर तो संसर्ग समजायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. तसंच घट्ट चावून धरूनही तासाभराने रक्त थांबत नसेल तर वाट पाहायची नाही. ड्राय सॉकेटमध्ये नुसत्या अँटिबायोटिकने ठणका जात नाही, तरी लोक औषधाच्या दुकानातून तीच आधी आणतात. खड्डा सलाइनने धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवली की तासाभरात आराम पडतो. ती एक-दोन दिवसांनी बदलतात. पूर्ण बरं व्हायला आठवडा ते दोन आठवडे. त्या खड्ड्यात घरी लवंगेचं तेल ओतणं किंवा काही कोंबणं टाळावं, उघड्या हाडाला ते भाजतं.

गृहस्थांची दाढ गेली, पण त्या जागी इम्प्लांट हवं होतं. मला वाटतं, इथे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनीही सर्वात जास्त मोकळेपणाने बोलायला हवं, कारण पैसे मोठे असतात आणि फसलेल्या इम्प्लांटने हाड आणखी जातं.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब स्क्रू. टायटॅनियमला हाड थेट घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. बसवताना स्क्रू हाडात आवळलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो पक्का वाटतो. पण कापलेलं जुनं हाड पुढच्या आठवड्यांत शोषलं जातं आणि नवं हाड त्याची जागा घेत जातं. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुना आवळ सैल होतो आणि नवी पकड अजून पुरती आलेली नसते. याच काळात स्क्रू सर्वात कच्चा असतो. तेव्हा तो एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फार जास्त हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि तो कायमचा डुगडुगतो. ही पकड ज्या रक्तवाहिन्यांतून, ज्या पेशींतून येते, त्यांच्यावरच धुराचा भार असतो. हे अपयश दुखतही नाही. दोन-तीन महिन्यांनी कॅप बसवायला घेतलं की स्क्रू हाताने फिरतो, तेव्हा कळतं.

१९९३ साली बेन आणि मॉय यांनी ५४० रुग्णांच्या २,१९४ इम्प्लांटांचा हिशेब मांडला. न ओढणाऱ्यांत ४.७६ टक्के फसली होती, ओढणाऱ्यांत ११.२८ टक्के. आजचे खरखरीत पृष्ठभागाचे स्क्रू तेव्हाच्या गुळगुळीत स्क्रूंपेक्षा दोन्ही गटांत कमी फसतात. पण नंतरच्या मोठ्या आढाव्यांतही ओढणाऱ्यांचा धोका साधारण दुपटीच्या आसपासच राहिला आहे. वरच्या जबड्याचं मागचं हाड सच्छिद्र आणि मऊ असतं, तिथे हा फरक जास्त बोचतो. हाड कमी म्हणून कृत्रिम हाड भरायचं असेल तर आणखीनच.

स्क्रू टिकला म्हणजेही संपलं नाही. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते वळसा घालून असतात. म्हणून त्याच्याभोवती जंतू शिरले की हाड पटकन झिजत जातं. आणि धूम्रपान करणाऱ्याच्या तोंडात हाही आजार रक्ताविना वाढू शकतो. म्हणून इम्प्लांट बसल्यानंतर कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवायचा आणि दर वर्षी नव्या एक्स-रेशी ताडून पाहायचा. इम्प्लांटवाल्या सिगारेट ओढणाऱ्याची तपासणी फक्त रक्त पाहून झाली असेल तर ती तपासणी झाली नाही.

बेन यांनीच पुढे १९९६ साली एक वेळापत्रक तपासून पाहिलं. शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधी पूर्ण बंद, नंतर आठ आठवडे बंद. ज्यांनी हे पाळलं त्यांचं यश न ओढणाऱ्यांच्या जवळ गेलं. आठ आठवडे का, ते वरच्या परिच्छेदातून उलगडतं. कच्चा काळ आणि त्यानंतर हाड घट्ट होण्याचा पहिला टप्पा तेवढ्यात जातो. आपल्या गृहस्थांना मी याच अटीवर होकार दिला. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे, तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो. निकोटिनचा पॅच लावला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. चालतो. पॅचमध्ये निकोटिन असतं, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो, आणि तोंडात काही ओढावं लागत नाही. सिगारेटशी तुलना केली तर तो कितीतरी बरा. ताज्या जखमेच्या तोंडात चघळायच्या निकोटिन गमपेक्षाही पॅच बरा.

आणि मग तोच प्रश्न आला जो हल्ली दर आठवड्याला येतो. "भाचा म्हणतो व्हेप घ्या. नुसती वाफ असते."

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे. तरी शहरांतल्या टपऱ्यांवर आणि ओळखीतून त्या मिळतात, हे सगळे जाणतात. जी वाफ म्हणतात त्यात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, सुगंध आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. तंबाखू जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतो, आणि त्या मर्यादेत ती सिगारेटपेक्षा कमी वाईट आहे. निकोटिन मात्र कमी असतं असं धरून चालू नये. युरोपीय देशांत एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चोरट्या वाटेने येणाऱ्या, वापरून फेकायच्या अनेक व्हेपवर ५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम.

हिरड्यांपुरतं काय माहीत आहे? ब्रिटनमध्ये २०१६ साली वीस सिगारेट ओढणाऱ्यांना दोन आठवडे सिगारेट बंद करून व्हेप दिली, तेव्हा त्यांच्या हिरड्यांतून रक्त वाढलं. काहींनी याचा अर्थ व्हेपने हिरड्या बिघडवल्या असा लावला. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासाशेजारी ठेवला तर दुसरा अर्थ जास्त पटतो. धूर गेला आणि दबलेलं रक्त परत आलं. त्यामुळे सिगारेट सोडून व्हेपवर गेलेल्याला रक्त दिसलं तर घाबरून परत सिगारेटकडे जाऊ नये. पण जो कधीच ओढत नव्हता त्याने व्हेप धरली तर त्याच्यासाठी हिशेब उलटा आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की हिरड्या वरून निरोगी दिसणाऱ्या व्हेप वापरणाऱ्यांच्या हिरड्यांखाली जंतूंची वस्ती गंभीर आजाराच्या तोंडासारखी झालेली होती. न ओढणाऱ्यांशी तुलना करता व्हेपवाल्यांत रक्त कमी येतं असंही काही पाहण्यांत दिसलं आहे, सिगारेटइतकं दबलेलं नसलं तरी.

दात काढल्यानंतरच्या आणि इम्प्लांटच्या जखमेवर व्हेपचा थेट अभ्यास सिगारेटच्या मानाने फारच थोडा झाला आहे. तरी माझा सल्ला स्पष्ट आहे, कारण जखमेला त्रास देणारी तीन गोष्टींपैकी दोन, ओढण्याचा ताण आणि निकोटिन, व्हेपमध्ये शाबूत आहेत. तिसरी, धूर, तेवढी गेली. आणि सवयीतला एक फरक माझ्या मते मोठा आहे. सिगारेट संपते. माणूस विझवतो आणि कामाला लागतो. व्हेप खिशात असते, वास येत नाही म्हणून घरात, गाडीत, अंथरुणातही ओढली जाते, आणि तासाला सात-आठ झुरके कधी झाले ते लक्षातही येत नाही. ताज्या गुठळीला उसंत मिळत नाही. म्हणून सिगारेटसाठी जे दिवस सांगितले तेच व्हेपलाही. दात काढल्यावर किमान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर काही नाही. इम्प्लांटला आधी एक आठवडा, नंतर आठ. निकोटिन नसलेली व्हेपही पहिल्या आठवड्यात नको, कारण ओढण्याचा ताण तोच.

गृहस्थांनी व्हेप घेतली नाही, पॅच लावला. साडेतीन महिन्यांनी खड्डा भरलेला एक्स-रेत दिसला, मग स्क्रू बसवला. पाचव्या आठवड्यात त्यांनी फोन करून सांगितलं की वरच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतंय. मी त्यांना त्याच आठवड्यात सफाईला बोलावलं.

अजून एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात शिरताना जो कागद भरायला देतात त्यावर बहुतेक ठिकाणी प्रश्न असतो, "धूम्रपान करता का?" व्हेप वापरणारा मुलगा त्यापुढे प्रामाणिकपणे "नाही" लिहितो, आणि मिश्री लावणारी बाईही. दात काढायला किंवा इम्प्लांटला जाण्याआधी काय, दिवसातून किती वेळा आणि शेवटचं कधी, हे तोंडाने सांगावं, पाच वर्षांपूर्वी सोडलं असेल तरी. कारण त्या अमेरिकी पाहणीत सोडून दोन वर्षं न झालेल्यांचा धोका अजून तिपटीच्या वर होता आणि अकरा वर्षांनी तो कधीच न ओढलेल्यांच्या जवळपास आला होता. मधल्या वर्षांत तुमची हिरडी कुठे आहे, हे डॉक्टरांना तुम्ही सांगितल्यावरच मोजता येतं.